फोटोतला उत्पन्नाचा तक्ता: मध्य, मध्यक की बहुलक, हे कसं ठरवायचं?

कुटुंबांच्या उत्पन्नाची आकडेवारी एका बाजूला कललेली असते, म्हणून मध्यक घ्यायचा, हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. तरीही उत्तर चुकतं. कारण निवड करण्याआधीच तीन ठिकाणी गफलत झालेली असते: फोटोतला आकडा चुकीचा वाचला जातो, वर्गांची रुंदी कुणी बघत नाही, आणि 'अमुक व त्याहून अधिक' या शेवटच्या ओळीचं काय करायचं ते न ठरवताच गणित सुरू होतं. या लेखात एकच तक्ता घेऊन फोटोपासून शेवटच्या वाक्यापर्यंत जाऊ. शेजारी कागद ठेवा आणि पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बऱ्याच चुका क्रम मोडल्यानेच होतात.

## १. हिशोबाआधी प्रश्न लिहा

तुम्हाला नेमकं काय सांगायचंय, ते एका वाक्यात लिहून ठेवा. 'मधल्या कुटुंबाचं उत्पन्न किती?', 'सगळ्या कुटुंबांचं मिळून एकूण उत्पन्न किती?' आणि 'सर्वांत जास्त कुटुंबं कोणत्या उत्पन्नाच्या आसपास आहेत?' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मध्यक देतो, दुसऱ्याचं मध्य, तिसऱ्याचं बहुलक. 'सरासरी उत्पन्न किती?' असं विचारणाऱ्याला या तिघांतलं काहीही हवं असू शकतं, म्हणून त्याला परत विचारा. तिन्ही आकडे काढून झाल्यावर जो सोयीचा वाटतो तो उचलण्याचा मोह होतो, आणि प्रश्न आधी लिहिलेला असला की तो आवरतो.

## २. फोटोतले आकडे सोडून बाकी सगळं आधी वाचा

लोक थेट आकड्यांवर उडी मारतात. त्याआधी मथळा, स्तंभांची नावं आणि तळटीप वाचा. फोटो काढताना नेमक्या याच जागा कापल्या जातात. चार गोष्टी सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिली, एकक. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'हजारांत' लिहिलेलं असतं आणि ते हुकलं की उत्तर हजारपट चुकतं. दुसरी, कालावधी: उत्पन्न महिन्याचं आहे की वर्षाचं? तिसरी, मोजलंय काय? कुटुंबं की माणसं? कुटुंबाचं उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न यांचे तक्ते दिसायला अगदी सारखे असतात. चौथी, आणि सर्वाधिक फसवणारी: स्तंभात साधी वारंवारता, म्हणजे फक्त त्या वर्गातली संख्या आहे, की संचित, म्हणजे पहिल्या वर्गापासून तिथवरची बेरीज? वरून खाली येताना आकडा एकदाही कमी होत नसेल आणि शेवटचा आकडा एकूण संख्येइतकाच असेल, तर तो स्तंभ संचित आहे. अशा वेळी प्रत्येक ओळीतून वरची ओळ वजा करून साधी वारंवारता काढून घ्या.

> थांबा: मथळा किंवा तळटीप फोटोत नसेल तर पाठवणाऱ्याकडून पूर्ण पानाचा फोटो मागवा. एकक अंदाजाने ठरवू नका.

## ३. आकडे उतरवा आणि बेरीज जुळवा

समजा, फोटोतला तक्ता असा आहे. कुटुंबं २००, उत्पन्न मासिक, आकडे हजारांत.

| मासिक उत्पन्न (हजारांत) | कुटुंबं | टक्के |
|---|---|---|
| ० – १० | २४ | १२ |
| १० – २० | ५८ | २९ |
| २० – ४० | ?३ | ३६.५ |
| ४० – ६० | २४ | १२ |
| ६० – १०० | १४ | ७ |
| १०० व अधिक | ७ | ३.५ |
| एकूण | २०० | १०० |

तिसऱ्या ओळीवर दिव्याची चकाकी आली आहे, म्हणून पहिला अंक दिसत नाही. अशा वेळी डोळे बारीक करून अंदाज बांधत बसू नका. बाकीच्या पाच ओळींची बेरीज १२७ होते. २०० मधून ती वजा केली की ७३ उरतात, आणि दिसणारा शेवटचा अंक ३ आहेच. आता दुसरी वाट: २०० चे ३६.५ टक्के म्हणजेही ७३. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, म्हणून तो पक्का.

इथे एक बारकावा आहे. हरवलेला आकडा एकूण बेरजेवरून भरला, की ती बेरीज तपासणीसाठी कामाची राहत नाही. आता ती जुळणारच, कारण तुम्हीच जुळवून आणली आहे. बाकीच्या ओळींत कुठे चूक असेल तर ती भरलेल्या आकड्यात गुपचूप जाऊन बसते. म्हणून दुसरी, स्वतंत्र वाट हवी. टक्क्यांचा स्तंभ नसेल आणि दोन आकडे दिसत नसतील, तर नवा फोटो मागवण्याला पर्याय नाही.

बेरजेचा आळस किती महागात पडतो तेही पाहा. कुणी ७३ चे २३ वाचले आणि बेरीज केली नाही, तर त्याच्या हिशोबात कुटुंबं १५० होतात आणि मध्यक २४.९ ऐवजी १८.८ हजार येतो. शेवटच्या ओळीतल्या ७ ला १ वाचलं तर मध्यक फारसा हलत नाही, तो २४.१ येतो. पण त्या ओळीतल्या कुटुंबांचं सरासरी उत्पन्न १५० हजार धरलं तर मध्य मात्र सुमारे साडेतीन हजारांनी खाली येतो. मधल्या ओळींतली चूक मध्यकाला छळते आणि टोकाच्या ओळीतली मध्याला. म्हणून मध्यक काढायचा असेल तेव्हा मधल्या दोन-तीन ओळी दुसऱ्यांदा वाचा, आणि मध्य काढायचा असेल तेव्हा शेवटची ओळ.

आकडे वाचताना हमखास होणाऱ्या गल्लती:

- देवनागरी छपाईत १ आणि ९, इंग्रजी छपाईत तीन आणि आठ किंवा एक आणि सात.
- तिरका फोटो. डावीकडचा वर्ग आणि उजवीकडचा आकडा एका रेषेत दिसत नाहीत आणि आकडा शेजारच्या ओळीला चिकटतो. पडद्यावर कागदाची सरळ कड धरून ओळ वाचा.
- फोटोतला मजकूर आपोआप उचलणाऱ्या सोयी रिकामा रकाना गाळतात, आणि त्याखालचे सगळे आकडे एक घर वर सरकतात. बेरीज तरीही बरोबर येते! हे पकडायला शेवटच्या वर्गासमोर शेवटचाच आकडा आहे ना, एवढं पाहायचं.

## ४. तक्त्यात दोन स्तंभ वाढवा

आता तुमच्या कागदावर वर्गाची रुंदी आणि संचित वारंवारता लिहा.

| उत्पन्न | कुटुंबं | रुंदी | संचित |
|---|---|---|---|
| ० – १० | २४ | १० | २४ |
| १० – २० | ५८ | १० | ८२ |
| २० – ४० | ७३ | २० | १५५ |
| ४० – ६० | २४ | २० | १७९ |
| ६० – १०० | १४ | ४० | १९३ |
| १०० व अधिक | ७ | नाही | २०० |

रुंदी सारखी नाही, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांत भरतं. उत्पन्नाच्या तक्त्यांत हे नेहमीचंच आहे. खालच्या थरात कुटुंबं दाटीने असतात म्हणून तिथे वर्ग अरुंद ठेवतात आणि वर जाताना ते रुंद होत जातात. शाळेतली उदाहरणं बहुधा सारख्या रुंदीची असतात, त्यामुळे हा स्तंभ करायची सवयच नसते.

## ५. आधी मध्यक काढा

मध्यक आधी काढायचा, कारण त्यासाठी काहीही गृहीत धरावं लागत नाही (जवळजवळ काहीही नाही, त्यावर पुढे येतोच). पुढचे दोन आकडे तपासायला तो मोजपट्टी होतो.

२०० चं निम्मं १००. संचित स्तंभात १०० कुठे ओलांडले जातात? दुसऱ्या वर्गाअखेर ८२ कुटुंबं झाली, तिसऱ्या वर्गाअखेर १५५. म्हणजे मध्यक २० ते ४० या वर्गात आहे. या वर्गात १८ कुटुंबं आत शिरल्यावर १०० पुरी होतात. वर्गात ७३ कुटुंबं आणि रुंदी २०, म्हणून

```
मध्यक = २० + (१८ ÷ ७३) × २० = २४.९
```

यात एक गृहीतक आहे: ७३ कुटुंबं २० ते ४० मध्ये सारखी पसरली आहेत. उत्पन्नाच्या बाबतीत ती बहुधा २० कडे जास्त दाटलेली असतात, त्यामुळे खरा मध्यक किंचित खाली असेल. म्हणून '२४.९३' असं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून अचूकतेचा आव आणू नका. 'सुमारे २५ हजार' पुरेसं आहे.

> तपासा: उत्तर मध्यकाच्या वर्गाच्या आतच आहे ना? बाहेर गेलं असेल तर तुम्ही वर्गाचीच संचित वारंवारता (१५५) वापरली. हवी होती त्याआधीच्या वर्गाची (८२).

आणखी एक चूक इतकी नेहमीची आहे की ती वेगळी सांगतो. संगणकावर कुटुंबांचा स्तंभ निवडून थेट `MEDIAN` वापरलं की २४ येतं! तो २४, २४, ५८, ७३, १४, ७ या आकड्यांचा मध्यक आहे, म्हणजे 'वर्गांतल्या कुटुंबसंख्येचा' मध्यक. उत्पन्नाशी त्याचा काही संबंध नाही. या तक्त्यात तो योगायोगाने खऱ्या उत्तराजवळ आला, त्यामुळे चूक लक्षातही येणार नाही.

## ६. बहुलक काढताना रुंदीने भागा

सर्वांत मोठी वारंवारता ७३, म्हणून बहुलकाचा वर्ग २० ते ४०, असं वाटणं साहजिक आहे. पण तो वर्ग दुप्पट रुंद आहे. मोठ्या जाळ्यात जास्त मासे सापडले म्हणून तिथे मासे जास्त आहेत असं होत नाही. प्रत्येक वारंवारतेला वर्गाच्या रुंदीने भागून उत्पन्नाच्या दर हजार रुपयांच्या पट्ट्यात किती कुटुंबं येतात, म्हणजे घनता किती, ते काढा:

- ० – १०: २.४
- १० – २०: ५.८
- २० – ४०: ३.६५
- ४० – ६०: १.२
- ६० – १००: ०.३५

खरी दाटी १० ते २० मध्ये आहे. नेहमीच्या सूत्रात वारंवारतेऐवजी हीच घनता घाला:

```
बहुलक = १० + (५.८ − २.४) ÷ (२ × ५.८ − २.४ − ३.६५) × १० = १६.१
```

आता घनता न काढता चुकीच्या वर्गावरून बहुलक काढला असता तर काय झालं असतं? २० + (१५ ÷ ६४) × २० म्हणजे २४.७. मध्यक २४.९ आणि बहुलक २४.७! हे पाहणाऱ्याला वाटेल की आकडेवारी छान समतोल आहे, कलबिल काही नाही. तक्ता करणाऱ्याने वर्ग कुठे तोडले त्यावर बहुलक इतका हलतो. म्हणून मी बहुलक एका आकड्यात सांगण्यापेक्षा वर्गात सांगणं पसंत करतो: 'कुटुंबांची सर्वाधिक दाटी १० ते २० हजारांत'. १६.१ हा आकडा तपासणीपुरता कागदावर राहू द्या.

> सावधान: 'बहुलक = ३ × मध्यक − २ × मध्य' हे सूत्र थोड्याशा कललेल्या आकडेवारीपुरतंच ठीक चालतं. पुढच्या पायरीत मध्य ३२.७५ येणार आहे. तो घातला तर बहुलक ९.३ येतो, म्हणजे खऱ्या बहुलकाच्या वर्गाबाहेरच. उत्पन्नासाठी हे सूत्र वापरू नका.

## ७. मध्य काढा, पण उघड्या वर्गाचं गृहीतक समोर ठेवून

पहिल्या पाच वर्गांचे वर्गमध्य ५, १५, ३०, ५० आणि ८०. त्यांना कुटुंबसंख्येने गुणून बेरीज केली की ५५०० येते. इथपर्यंत वाद नाही. उरली ती सात कुटुंबं, ज्यांच्याबद्दल तक्ता फक्त '१०० व अधिक' एवढंच सांगतो. या वर्गाला वरची हद्द नाही, म्हणून वर्गमध्यही नाही. बहुतेक जण इथे आधीच्या वर्गाइतकी रुंदी गृहीत धरून १२० घालतात आणि पुढे जातात. ती सोय आहे, माहिती नव्हे.

त्याऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या किमती घालून मध्य किती हलतो ते पाहा:

| सात कुटुंबांचं सरासरी उत्पन्न धरलं | एकूण मध्य |
|---|---|
| १२० | ३१.७ |
| १५० | ३२.७५ |
| २५० | ३६.२५ |
| ४०० | ४१.५ |

दोनशेतली सात कुटुंबं, म्हणजे साडेतीन टक्के, मध्याला दहा हजारांनी वर-खाली करू शकतात. मध्यक या सगळ्यात २४.९ वरच राहतो, कारण त्याला ती कुटुंबं १०० च्या वर आहेत एवढं कळलं तरी पुरतं. कललेल्या उत्पन्नासाठी मध्यक का, याचं खरं उत्तर या छोट्या तक्त्यात आहे.

संगणकावर करायचं असेल तर दुसऱ्या ओळीपासून वर्गमध्य B स्तंभात आणि कुटुंबं C स्तंभात ठेवा, आणि B7 मध्ये शेवटच्या वर्गासाठी धरलेली किंमत घाला:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(C2:C7)
```

`AVERAGE(B2:B7)` केलंत तर सहाही वर्गांना सारखंच वजन मिळतं आणि मध्य भलताच फुगतो.

तक्त्याखाली मध्य छापलेला असेल तर तो सोन्यासारखा. तो मूळ आकड्यांवरून काढलेला असतो, तेव्हा तोच वापरा आणि त्यावरून उलटं तपासा. समजा ३५ छापलंय. एकूण उत्पन्न ७०००, त्यातून ५५०० गेले, उरले १५००, सात कुटुंबांत प्रत्येकी सुमारे २१४. हे शक्य वाटतं. याच हिशोबात उत्तर १०० पेक्षा कमी आलं असतं, तर एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे किंवा छापलेला मध्य दुसऱ्याच तक्त्याचा आहे, असं समजा. थोडा फरक मात्र चालवून घ्या. ६० ते १०० सारख्या रुंद वर्गात कुटुंबं खालच्या कडेजवळ जास्त असतात, त्यामुळे ८० हा वर्गमध्य जरा जास्तच पडतो.

> तपासा: उत्पन्नाच्या आकडेवारीत साधारणपणे बहुलक सर्वांत लहान, मग मध्यक, मग मध्य, असा क्रम येतो. आपला १६.१, २४.९, ३२.७५. क्रम उलटा आला तर निष्कर्ष काढण्याआधी तिसऱ्या पायरीवर परत जा.

## ८. आता निवडा

पहिल्या पायरीत लिहिलेलं वाक्य काढा.

मधल्या कुटुंबाबद्दल बोलायचं असेल तर मध्यक. मध्य ३२.७५ धरला तर त्याच्या खाली किती कुटुंबं येतात? पहिल्या दोन वर्गांची ८२, आणि तिसऱ्या वर्गातली सुमारे ४६, मिळून १२८ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ ६४ टक्के कुटुंबं 'सरासरी'च्या खाली. असा आकडा 'सर्वसाधारण कुटुंबाचं उत्पन्न' म्हणून सांगणं दिशाभूल आहे, गणित कितीही बरोबर असलं तरी.

एकूण रक्कम हवी असेल तर मात्र मध्यच. मध्य गुणिले कुटुंबसंख्या म्हणजे एकूण उत्पन्न, आणि हे फक्त मध्याबाबत खरं आहे. सगळ्यांनी उत्पन्नाच्या दोन टक्के वर्गणी दिली तर किती जमेल, हा हिशोब मध्यकावरून केला तर जमा रक्कम बरीच कमी दिसेल. 'उत्पन्न कललेलं आहे म्हणून मध्य वर्ज्य' हे पाठांतर इथे अंगाशी येतं.

सर्वाधिक कुटुंबं कुठे दाटली आहेत हे सांगायचं असेल, उदाहरणार्थ नवीन पाहणीच्या अर्जात उत्पन्नाचे गट कुठे बारीक करायचे हे ठरवायला, तर बहुलकाचा वर्ग. यापलीकडे उत्पन्नासाठी बहुलक क्वचितच लागतो.

एक अडचणीची शक्यता: निम्म्याहून जास्त कुटुंबं शेवटच्या उघड्या वर्गात असतील तर मध्यकही काढता येत नाही. तेव्हा 'मध्यक १०० हजारांहून अधिक' एवढंच लिहा.

## ९. उत्तर लिहिताना

आकडा एकटा सोडू नका. त्याच्यासोबत परिमाणाचं नाव, एकक, कालावधी आणि गृहीतक लिहा. आपल्या तक्त्यासाठी मी असं लिहीन:

'२०० कुटुंबांच्या मासिक उत्पन्नाचा मध्यक सुमारे २५ हजार आहे. कुटुंबांची सर्वाधिक दाटी १० ते २० हजारांत आहे. सर्वांत वरच्या ७ कुटुंबांचं सरासरी उत्पन्न १२० ते २५० हजार धरल्यास मध्य सुमारे ३२ ते ३६ हजार येतो. फोटोत २०–४० या वर्गातील संख्येचा एक अंक अस्पष्ट होता. तो एकूण संख्या आणि टक्केवारी यांवरून निश्चित केला.'

फोटोत दोन वस्त्यांचे दोन तक्ते असतील आणि एकत्र आकडा हवा असेल, तर दोन मध्यकांची सरासरी काढू नका. दोन्ही तक्त्यांतली वर्गवार कुटुंबसंख्या एकत्र करा आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. दोन्हीकडे वर्ग वेगळे तोडलेले असतील, तर दोन्ही तक्त्यांत सापडणाऱ्या समान हद्दी शोधून तेवढेच वर्ग ठेवा, भलेही ते रुंद होवोत.